सीसी, ओडी की टर्म लोन? हळदीच्या एका पेढीचा हिशोब मांडून बघू

सांगलीत हळदीचे सौदे जोरात सुरू झाले की माझ्याकडं एकच प्रश्न घेऊन माणसं येतात. मी व्यापाऱ्यांचे हिशोब आणि जीएसटीचं काम बघतो त्यामुळं बँकेत जायच्या आधी माझ्याकडं चक्कर होतेच. "साहेब, तीसेक लाखाची सीसी करून द्या की, सगळंच भागतंय त्यात." या "सगळंच" मध्ये काय काय असतं तर सौद्यात माल घ्यायचा असतो, चक्की बदलायची असते, जुना टेम्पो काढून नवा घ्यायचा असतो, आणि मुंबईच्या पार्टीचं पेमेंट दहा दिवस लांबलं तर तेवढ्यापुरती अडचण पण भागवायची असते. म्हणजे तीन वेगळ्या प्रकारच्या गरजा, आणि त्या एकाच खात्यात कोंबायच्या. बँकवाला पण कधीकधी नाही म्हणत नाही कारण त्याला पण टार्गेट असतंच. मग पुढं दिवाळीनंतर खातं अडकतं आणि धंदा चांगला चालू असताना पण खातं का अडकलं हे कुणालाच कळत नाही.

म्हणून आज फक्त एवढंच समजून घेऊ की हे कसं होतं. त्यासाठी एक पेढी धरू. आकडे मी समजायला सोपे घेतलेत पण ते अशाच पेढ्यांसारखे आहेत. व्यापारी छोटा, वर्षाची उलाढाल दीड कोट. फेब्रुवारी ते मे सौद्यात राजापुरी हळकुंड घ्यायचं, थोडं तसंच विकायचं, थोडं दळून पावडर करून किराणावाल्यांना आणि मसालेवाल्यांना उधारीवर द्यायची. खरेदी चार महिन्यात, विक्री वर्षभर. धंद्यात स्वतःचे म्हणून १४ लाख गुंतलेले.

आधी तिन्ही प्रकार पटकन सांगतो. टर्म लोनमध्ये पैसे एकदाच मिळतात, बहुतेक वेळा तुमच्या हातात न येता थेट मशीनवाल्याच्या किंवा गाडीच्या डीलरच्या खात्यावर जातात, आणि मग ठरलेल्या हप्त्यानं फेडायचे. फेडलेला पैसा परत काढता येत नाही. कॅश क्रेडिट म्हणजे सीसी, यात तुमचा माल आणि उधारीचं येणं बँकेकडं तारण राहतं, माल तुमच्याच गोडाऊनमध्ये असतो पण कागदावर त्याच्यावर बँकेचा हक्क असतो, आणि त्याच्या जोरावर एका लिमिटपर्यंत पैसे काढायचे, भरायचे, परत काढायचे. व्याज रोजच्या वापरलेल्या रकमेवर. ओव्हरड्राफ्ट म्हणजे ओडी दिसायला अगदी तसाच, काढा भरा काढा, फक्त त्याच्यामागं माल नसतो, एफडी असते नाहीतर घर-दुकान असतं, त्यामुळं दर महिन्याला मालाचा हिशोब द्यावा लागत नाही. काही बँका या दोन्हीला एकाच नावानं हाक मारतात त्यामुळं नावावर जाऊ नका, मंजुरीच्या पत्रात तारण काय लिहिलंय ते बघा.

आता सीसी, कारण खरी गुंतागुंत तिच्यातच आहे.

छोट्या व्यापाऱ्याचं लिमिट काढायची बँकांची सोपी रीत म्हणजे उलाढालीच्या २० टक्के. ही नायक समितीच्या शिफारशीतून आलेली पद्धत आहे. हिशोब असा की वर्षाच्या उलाढालीच्या २५ टक्के पैसा धंद्यात फिरता लागतो, त्यातले २० बँक देणार आणि ५ तुम्ही घालायचे. आपल्या पेढीची उलाढाल दीड कोट म्हणजे लिमिट ३० लाख. या २५ टक्क्यांच्या मागं एक गृहीत आहे ते लक्षात ठेवा, की पैसा वर्षातनं चार वेळा फिरतो म्हणजे तीन महिन्यात माल येऊन, विकून, वसूल होऊन परत हातात. हळदीचं, बेदाण्याचं तसं नसतं, माल सीझनला एकदम येतो आणि सहा-आठ महिने बसतो. म्हणून अशा धंद्याला सीझनचं लिमिट वेगळं आणि बिगरसीझनचं वेगळं मागता येतं, पण ते तुम्ही मागायला पाहिजे, महिन्यावार खरेदी-विक्रीचा तक्ता जोडून. बँक आपणहून विचारेल याची वाट बघू नका.

लिमिट मंजूर झालं म्हणजे ३० लाख आपले, असं समजणं हीच पहिली गल्लत. लिमिट हा फक्त वरचा आकडा आहे. खाली दुसरा एक आकडा असतो, ड्रॉइंग पॉवर, बँकेत सगळे डीपी म्हणतात. लिमिट म्हणजे विहिरीची खोली आणि डीपी म्हणजे आज तिच्यात असलेलं पाणी. दोन्हीतला जो आकडा कमी तेवढंच काढायचं. आणि डीपी दर महिन्याला बदलतो, तुम्ही जे स्टॉक स्टेटमेंट देता त्यावरून.

कसा काढतात बघा. गोडाऊनमधल्या मालाची किंमत घ्यायची, त्यातनं जो माल उधारीवर आणलाय आणि अजून ज्याचे पैसे द्यायचेत तेवढं वजा करायचं, कारण तो माल खरं म्हणजे दुसऱ्याच्या पैशाचा आहे. उरलेल्या मालावर साधारण २५ टक्के मार्जिन सोडायचं, म्हणजे तेवढा वाटा तुमचा स्वतःचा. मग उधारीचं येणं घ्यायचं, त्यातनं ९० दिवसांपेक्षा जुनी उधारी काढून टाकायची, आणि उरलेल्यावर ४० टक्के मार्जिन धरू. बँकेबँकेनुसार हे टक्के आणि दिवस बदलतात, तुमच्या मंजुरीपत्रात लिहिलेले असतात.

मे अखेर आपल्या पेढीत ४२ लाखाचा माल आहे, त्यातला ६ लाखाचा उधारीवर आणलेला. म्हणजे पैसे दिलेला माल ३६ लाख, त्याचे ७५ टक्के २७ लाख. येणं ८ लाख, त्यात २ लाख जुनं, राहिले ६, त्याचे ६० टक्के ३ लाख ६०. बेरीज ३० लाख ६० हजार. लिमिट ३० लाख, म्हणजे पूर्ण ३० वापरता येतात. आणि पेढीनं वापरले पण तेवढेच. धंद्यात ३६ लाखाचा माल आणि ८ लाखाचं येणं मिळून ४४ लाख अडकलेत, त्यातले स्वतःचे १४ आणि बँकेचे ३०. सगळं जागच्या जागी.

आता नोव्हेंबरला या. माल विकत विकत १४ लाखावर आलाय, त्यातले ४ लाखाचे पैसे द्यायचेत, राहिला १० लाखाचा, त्याचे ७५ टक्के साडेसात लाख. येणं वाढून १६ लाख झालंय कारण दिवाळीचा माल उधारीवर गेलाय, त्यातलं ३ लाख जुनं, राहिले १३, त्याचे ६० टक्के ७ लाख ८०. डीपी झाला १५ लाख ३० हजार. लिमिट कागदावर अजून ३० लाखच आहे पण वापरायची मुभा निम्म्यावर आली. यात काही वाईट नाही बरं का, हे असंच व्हायला पाहिजे. माल विकला गेला, पैसे आले, ते सीसीत भरले गेले, तर सीसीवरची उचल पण कमी झालेली असणार. १० लाखाचा माल आणि १६ लाखाचं येणं मिळून २६ लाख अडकलेत, त्यातले १४ आपले, म्हणजे बँकेचे १२. डीपी १५ लाख ३०, वापर १२. खातं निवांत आहे. (नफा झाला तो घरखर्चात गेला असं धरलंय, बहुतेकांचं तसंच असतं.)

आता यात चक्की घालू, कारण गडबड इथंच होते.

ऑगस्टचा मध्य. पावसामुळं बाजार थंड आहे, सीसीवर २२ लाख वापरलेत. व्यापारी मोबाईलवर खातं बघतो, ८ लाख शिल्लक दिसतात. चक्की आणि पाऊच पॅकिंगचं मशीन मिळून ७ लाखात बसतंय, डीलर म्हणतोय आत्ता घेतलं तर थोडं कमी करतो, टर्म लोनला गेलं तर कोटेशन आणा, प्रोजेक्ट रिपोर्ट आणा, महिना जातोय, मग कशाला, सीसीत जागा आहे की. आरटीजीएस करून मोकळा. खातं २९ लाखावर गेलं. बँकेच्या कॉम्प्युटरनं अडवलं का नाही? कारण जून आणि जुलैचं स्टॉक स्टेटमेंट द्यायचं राहून गेलेलं, सिस्टीममध्ये अजून मे अखेरचाच डीपी होता, ३० लाखाचा. त्या हिशोबानं जागा खरंच होती.

मग बँकेतनं फोन येतो, स्टेटमेंट द्या, आणि व्यापारी ऑगस्ट अखेरचं देतो. पैसे दिलेला माल २४ लाख, त्याचे १८. येणं १२ लाख, त्यात २ जुनं, राहिलेल्या १० चे ६ लाख. डीपी २४ लाख. खात्यावर २९. म्हणजे एका दिवसात खातं ५ लाखानं जास्त काढलेलं दिसायला लागलं, आणि त्या दिवशी व्यापाऱ्यानं एक रुपया पण काढलेला नव्हता.

आता पुढं माल विकून पैसे येतील आणि हे आपोआप निस्तरेल असं वाटतं ना? इथंच खरी मेख आहे. माल विकून पैसे येतात तसा डीपी पण त्याच्याबरोबर खाली येतो. सप्टेंबर अखेर खातं २५ लाखावर आलं तर डीपी २०-२१ लाखावर आलेला असतो. नोव्हेंबरात खातं १९ लाखावर येतं, कारण चक्की नसती तर १२ असतं आणि त्यात ७ वाढले, आणि डीपी १५ लाख ३०. अजून ३ लाख ७० हजार जास्तच. चक्कीत घातलेला पैसा चक्कीतच आहे, तो हळदीबरोबर विकला जात नाही, तो चार-पाच वर्षात थोडा थोडा नफ्यातनं सुटणार, आणि सीसी तर दर सीझनला सुटणाऱ्या पैशावर चालते. माणूस मात्र लिमिटकडं बघत बसतो, ३० मधले १९ वापरलेत म्हणजे ११ शिल्लक आहेत असं त्याला प्रामाणिकपणे वाटत असतं.

आणि बँकेचं घड्याळ सप्टेंबरपासून चालू झालेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं सीसी-ओडी खात्यावरची रक्कम लिमिट किंवा डीपी यातल्या कमी आकड्याच्या वर सलग ९० दिवस राहिली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकलेलं कर्ज. त्याच्या आधीच ३० दिवस उलटले की ते एसएमए-१ मध्ये जातं आणि ६० उलटले की एसएमए-२ मध्ये, म्हणजे धोक्याच्या यादीत. आपल्या पेढीचं खातं असंच राहिलं तर डिसेंबरच्या सुरुवातीला एनपीए होतं. धंदा तोट्यात नाही, उधारी बुडालेली नाही, माल पडून सडलेला नाही, फक्त चक्की चुकीच्या खात्यातनं घेतली. आणि एकदा एनपीए झालं की सिबिल खराब, आणि पुढच्या फेब्रुवारीत सौद्याच्या ऐन तोंडावर नवीन पैसे बंद.

हेच टर्म लोननं केलं असतं तर? ७ लाखाच्या मशीनला २५ टक्के म्हणजे पावणेदोन लाख स्वतःचे घालायचे, राहिलेलं सव्वापाच लाखाचं लोन, पाच वर्षं, व्याज साडेदहा टक्के धरलं तर हप्ता साधारण ११,३०० रुपये. नोव्हेंबर अखेर सीसीवर किती असतं बघा, मूळचे १२ लाख, मार्जिनचे पावणेदोन लाख आणि तीन हप्त्यांचे चौतीस हजार मिळून १४ लाख १० हजाराच्या आसपास. डीपी १५ लाख ३०. बसलं. पण फार आरामात नाही बसलं हे पण बघा, म्हणून मी म्हणतो मार्जिनचे पैसे पण सीसीतनं काढू नका, जमलं तर नफ्यातनं किंवा बाहेरनं घाला.

आता उलटी बाजू, कारण तशी पण माणसं भेटतात. "सीसीची कटकट नको, दर महिन्याला स्टेटमेंट कोण देणार, सरळ ३० लाखाचं टर्म लोन घेऊन टाकतो आणि माल भरतो." पाच वर्षांचं, त्याच साडेदहा टक्क्यानं घेतलं तर हप्ता ६४,५०० च्या आसपास, पहिल्या वर्षीचं व्याज दोन लाख ९२ हजार. सीसीवर या पेढीचा वर्षभराचा सरासरी वापर साधारण १८ लाखाचा आहे कारण जानेवारीत खातं ५-६ लाखावर आलेलं असतं, त्याचं व्याज होतं एक लाख ८९ हजार. म्हणजे वर्षाला लाखभर जास्त. पण मला व्याजापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त डाचते. पुढच्या फेब्रुवारीत सौदा सुरू होईल तेव्हा सीसीवाल्याच्या हातात परत सगळं लिमिट असतं, माल आणला की डीपी वाढत जातो. टर्म लोनवाल्यानं वर्षात ४ लाख ८० हजार मुद्दल फेडलं ते गेलं, परत मिळत नाही, आणि जो पैसा माल विकून रिकामा झाला होता तो बारा महिने सांभाळून ठेवायची शिस्त कुणाच्यात असते हो, तो प्लॉटमध्ये नाहीतर लग्नात जातो.

ओडीचं काय मग? ओडी मला आवडतो पण छोट्या कामाला. पेढीच्या मालकाची ४ लाखाची एफडी आहे समजा, बऱ्याच बँका तिच्यावर ९० टक्क्यांपर्यंत ओडी देतात, म्हणजे ३ लाख ६०. व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. एफडी ७ टक्क्यांची आणि ओडी ८ नं असेल, आणि मुंबईचं पेमेंट लांबलं म्हणून ३ लाख १२ दिवस वापरले, तर व्याज किती, ७८९ रुपये. एवढ्यासाठी एफडी मोडायची नाही, आणि पतसंस्थेत जाऊन हात पसरायचे तर अजिबातच नाही. शिवाय याला स्टॉक स्टेटमेंट नाही, डीपी नाही, आणि प्रोसेसिंग फी बहुतेक नसते नाहीतर किरकोळ असते. एकच बघायचं की ती एफडी बँकेनं आधीच सीसीला जादा तारण म्हणून अडकवून ठेवलेली नाही ना. तसं असेल तर तिच्यावर ओडी मिळत नाही, आणि बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं कारण सह्या करताना कुणी वाचलेलं नसतं.

घरावर किंवा दुकानगाळ्यावर मिळणारा ओडी ही वेगळी गोष्ट. तो मोठा मिळतो, मालाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळं ज्याच्याकडं मालच फारसा नसतो त्याला तो बरा पडतो, जसं की कमिशनवर काम करणारा, किंवा ज्याचा माल दोन दिवसात फिरतो आणि महिनाअखेरीला गोडाऊन रिकामंच दिसतं असा. त्याला सीसी घेऊन काय उपयोग, डीपीच निघणार नाही. पण अशा ओडीत मुद्दल फेडायची आठवण कुणी करून देत नाही, व्याज तेवढं भरत राहायचं आणि रक्कम वर्षानुवर्षं तिथंच, घर मात्र बँकेकडं. काही बँका ड्रॉपलाइन ओडी देतात, त्यात लिमिट दर महिन्याला थोडं थोडं कमी होत जातं. ऐकायला जाचक वाटतं पण ज्याला स्वतःवर भरवसा नाही त्यानं तोच घ्यावा असं माझं मत.

तर आपल्या पेढीची वाटणी अशी. सौद्यातला माल आणि उधारी सीसीत, चक्की-पॅकिंग टर्म लोनमध्ये, दहा-पंधरा दिवसांची अडचण एफडीच्या ओडीत. प्रत्येक वेळी स्वतःला एवढंच विचारायचं की मी ज्याच्यात हा पैसा घालतोय त्यातनं तो परत कधी सुटणार. हळकुंड सहा-आठ महिन्यात सुटतं, चक्की पाच वर्षांनी, मुंबईचं पेमेंट बारा दिवसांनी.

ज्यांची सीसी आधीच चालू आहे त्यांना घोळ झालाय का हे बघायची एक सोपी युक्ती आहे. मागच्या बारा महिन्यांचा खातेउतारा काढा आणि खात्यावरची सगळ्यात कमी रक्कम कुठली ते शोधा. सीझनवाल्या धंद्यात डिसेंबर-जानेवारीत ती बऱ्यापैकी खाली यायला पाहिजे. ३० च्या लिमिटमध्ये ती वर्षभरात कधीच १८ च्या खाली गेली नसेल तर त्या १८ मधले काही लाख मालात नाहीतच, ते कुठंतरी गाडीत, गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये, घराच्या स्लॅबमध्ये किंवा बुडीत उधारीत जाऊन बसलेत. ते कुठं बसलेत ते आधी स्वतः शोधा. मग बँकेला सांगून तेवढा भाग वेगळा काढून त्याचं टर्म लोन करून घेता येतं, याला वर्किंग कॅपिटल टर्म लोन म्हणतात, आणि सीसीचं लिमिट तेवढ्यानं कमी होतं. मशीन नुकतंच घेतलं असेल आणि पक्कं बिल असेल तर काही बँका त्या बिलावर टर्म लोन देऊन ती रक्कम परत सीसीत भरून देतात. पण हे खातं सुरळीत असताना करायचं. खातं अडचणीत आल्यावर असं फोडून मागितलं तर बँकेला ते कर्जाची पुनर्रचना म्हणून धरावं लागू शकतं आणि मग त्याचा शिक्का वेगळाच बसतो.

बाकी सीसी चालवताना तीन ठिकाणी आपल्याकडची माणसं हमखास अडकतात. एक म्हणजे क्यूआर कोड. दुकानातला क्यूआर मालकाच्या सेव्हिंग खात्याला जोडलेला, मोठ्या पार्ट्यांचे चेक दुसऱ्या बँकेतल्या करंटला, आणि सीसीतनं फक्त पैसे काढायचे. मग बँकेला दिसतं की या खात्यात जमा काहीच होत नाही. सलग ९० दिवस जमा नसेल, किंवा मागच्या ९० दिवसांत लागलेलं व्याज भरून निघण्याइतकी पण जमा नसेल, तरी खातं एनपीए होतं, भले तुम्ही डीपीच्या कितीही खाली असा. म्हणून क्यूआर सीसी खात्यालाच जोडा. त्याचा दुसरा फायदा असा की आलेला पैसा त्याच दिवशी व्याज कमी करतो, सेव्हिंगमध्ये अडीच-तीन टक्क्यावर पडून राहत नाही.

दुसरं स्टॉक स्टेटमेंट. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवरचा डीपी रिझर्व्ह बँक धरत नाही, त्यामुळं "देऊ की पुढच्या महिन्यात" हे दोनदा चालतं, तिसऱ्यांदा नाही. आणि आकडे फुगवू नका. डीपी कमी पडतोय म्हणून दहा लाखाचा माल जास्त दाखवणारे आहेत, पण तोच आकडा जीएसटीच्या खरेदी-विक्रीशी आणि ३१ मार्चच्या बॅलन्सशीटशी जुळत नाही, आणि बँकेचा माणूस गोडाऊन बघायला आला की पोती मोजतोच. त्यात माल दुसऱ्याच्या गोडाऊनमध्ये किंवा कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवला असेल तर तो पत्ता बँकेत आधी कळवलेला पाहिजे, नाहीतर तो माल डीपीत धरत नाहीत. विम्यात पण तोच पत्ता पाहिजे आणि पुराचं कव्हर पाहिजे. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी बघितलेल्या गावात हे सांगायला लागू नये, पण अजून पॉलिसी काढून बघितली तर तिच्यात जुन्याच गोडाऊनचा पत्ता असतो.

तिसरं रिन्यूअल. सीसी आणि ओडीची मुदत साधारण वर्षाची असते, टर्म लोनसारखं एकदा घेतलं आणि पाच वर्षं विसरलं असं नसतं. मुदत संपून १८० दिवसात नूतनीकरण झालं नाही तर व्यवहार चोख असले तरी खातं एनपीएत जातं. मुदत संपायच्या दोन महिने आधी बॅलन्सशीट, आयटी रिटर्न, जीएसटी रिटर्न आणि पुढच्या वर्षाचा अंदाज घेऊन बँकेत जायचं आणि कागद दिल्याची पोच घ्यायची. हळदवाल्यांनी तर मुदतीची तारीखच अशी मागून घ्यावी की रिन्यूअल ऑक्टोबर-नोव्हेंबरात येईल. मार्च-एप्रिलमध्ये आली तर ऐन सौद्यात तुम्ही मार्केट यार्डात आणि फाईल मॅनेजरच्या टेबलावर, आणि त्याचं पण तेव्हा मार्च एंडिंग चालू असतं.